एकापाठोपाठ दोन राऊटर, स्टॅटिक रूट टाकलाय, तरी घरून पॅकहाऊसची उपकरणं दिसत नाहीत

केळीबाग_यावल · सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. तीन रात्री यात गेल्या, आता तुमच्यापुढे मांडतो.

आमचं घर आणि केळीचं पॅकहाऊस एकाच आवारात आहे. मधे साधारण ७० मीटरची केबल पाइपातून नेली आहे. घरात इंटरनेट कंपनीने बसवलेला राऊटर आहे, 192.168.1.1. तिथून निघालेली केबल पॅकहाऊसमधल्या दुसऱ्या राऊटरच्या वॅन पोर्टात जाते. त्या दुसऱ्या राऊटरवर चुलत भावाने OpenWrt टाकून दिलंय. त्याचा वॅनचा पत्ता मी 192.168.1.2 असा पक्का केलाय, आणि आतल्या बाजूला तो 192.168.2.1 आहे.

आत तीन गोष्टी महत्त्वाच्या. प्रीकूलिंग खोलीचा तापमान कंट्रोलर 192.168.2.30, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर 192.168.2.20 आणि पेट्यांवर लावायच्या लेबलचा प्रिंटर 192.168.2.40. पॅकहाऊसच्या वायफायवर असलो की तिन्ही झटक्यात उघडतात. घरच्या कॉम्प्युटरवरून (192.168.1.10) एकही उघडत नाही.

घरच्या राऊटरमध्ये स्टॅटिक रूट टाकलाय: डेस्टिनेशन 192.168.2.0, मास्क 255.255.255.0, गेटवे 192.168.1.2. सेव्ह झाला, यादीतही दिसतो. तरी काही नाही.

घाई यासाठी की माल भरायचे दिवस आहेत. खोली १३ अंशांच्या खाली उतरली की केळीची साल आतून तपकिरी पडते, आणि ते पिकवताना कळतं, तेव्हा व्यापारी भाव पाडून मोकळा होतो. म्हणून रात्री एकला, तीनला उठून आकडा बघायला जावं लागतं. तो आकडा घरी दिसला पाहिजे, एवढंच मागणं आहे.

नंदू_धुळे · सोमवार, रात्री १०:४२

भाऊ, एवढा खटाटोप कशाला? केबल वॅनमधून काढा, दुसऱ्या राऊटरच्या लॅन पोर्टात घाला, त्याचं डीएचसीपी बंद करा. झालं. सगळं घर एकाच नेटवर्कात येतं, रूट नको, काही नको. आमच्या दुकानात चार वर्षं असंच चाललंय.

शहादेकर · सोमवार, रात्री ११:०५

दोन राऊटर एकत्र चालवायचे असतील तर लोड बॅलन्सिंगवाला राऊटर घ्या. एक लाइन गेली की दुसरी आपोआप चालू होते. मी तसाच घेतलाय, आमच्याकडे लाइट गेली की एक लाइन हमखास बसते.

केळीबाग_यावल · सोमवार, रात्री ११:२०

@शहादेकर दादा, लाइन एकच आहे. दुसरा राऊटर पहिल्याच्या मागे आहे, इंटरनेट त्याच्याकडूनच घेतो.

@नंदू_धुळे तुमचा मार्ग चालेल हे मान्य. पण कंट्रोलर आणि प्रिंटर बसवणाऱ्याने पत्ते 192.168.2 मध्येच बांधून दिलेत, आणि लेबलच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रिंटरचा पत्ता त्यानेच आत टाकलाय. पत्ता बदलला की पुन्हा त्याची वाट बघायची, तीही माल भरायच्या दिवसांत. शिवाय पॅकिंगला वीस-बावीस जण असतात, सगळ्यांचे फोन तिथल्या वायफायवर. ते घरच्या नेटवर्कात नकोत.

तापीकाठ (भुसावळ) · मंगळवार, सकाळी ७:३०

पत्ते वेगळे ठेवायचं कारण पटलं. नंदूभाऊंचा उपाय जिथे चालतो तिथे तोच सर्वात सोपा आहे, पण इथे रूटच हवा.

एक गोष्ट सांगा. घरच्या कॉम्प्युटरवरून `ping 192.168.2.20` केल्यावर नेमकं काय लिहून येतं? "चालत नाही" असं नको, पडद्यावरची ओळ जशीच्या तशी द्या. निम्मं निदान त्या ओळीत असतं.

केळीबाग_यावल · मंगळवार, सकाळी ७:५५

हे घ्या. चारही वेळा हेच:

```
Reply from 192.168.1.2: Destination port unreachable.
```

तापीकाठ · मंगळवार, सकाळी ८:२०

छान, म्हणजे तुमचा स्टॅटिक रूट बरोबर आहे. त्याला हात लावू नका.

कोणी उत्तर दिलंय ते बघा. रेकॉर्डरने नाही, 192.168.1.2 ने, म्हणजे तुमच्याच दुसऱ्या राऊटरने. तुमचं पॅकेट घरच्या राऊटरकडे गेलं, त्याने रूट वाचून ते पॅकहाऊसच्या दारापर्यंत पोचवलं, आणि दारावरच्या फायरवॉलने "आत सोडत नाही" म्हणून परत पाठवलं. रूट चुकला असता तर पॅकेट इंटरनेट कंपनीकडे निघून गेलं असतं आणि तुम्हाला `Request timed out` दिसलं असतं, किंवा कंपनीच्या एखाद्या पत्त्यावरून नकार आला असता.

फायरवॉलच्या दृष्टीने वॅन पोर्ट म्हणजे बाहेरचं जग. त्या बाजूने स्वतःहून आलेलं काहीही आत न्यायचं नाही, हा त्याचा मूळचा नियम. तुमचं घरही त्याला बाहेरचंच वाटतं. घराला त्यातून वगळायला हवं.

नंदू_धुळे · मंगळवार, सकाळी ९:१०

मग नॅट बंद करा की. OpenWrt मध्ये फायरवॉलच्या पानावर वॅनसमोर `Masquerading` ची खूण आहे ती काढा, आणि तिथेच फॉरवर्ड `accept` करा. दोन राऊटर म्हटले की दुसऱ्याचं नॅट बंदच ठेवायचं, नाहीतर रूट चालत नाही.

केळीबाग_यावल · मंगळवार, दुपारी १:४०

नंदूभाऊंनी सांगितलं तसं केलं. आता रेकॉर्डर आणि प्रिंटर दोघांनाही घरून पिंग जातो! पण तीन नव्या भानगडी झाल्या.

एक, पॅकहाऊसमधलं इंटरनेट पूर्ण बंद पडलं. सगळ्यांचे फोन वायफायला जोडलेले दिसतात, पण काही उघडत नाही. पोरं माझ्याकडे बघताहेत.

दोन, कंट्रोलरला अजूनही पिंग जात नाही, `Request timed out` येतं.

तीन, रेकॉर्डरला पिंग जातो पण ब्राउझरमध्ये त्याचं पान नुसतं फिरत राहतं, उघडत नाही.

तापीकाठ · मंगळवार, दुपारी २:३०

तिन्ही वेगवेगळी दुखणी आहेत. एकेक घेऊ, आधी इंटरनेटचं, कारण माणसं खोळंबली आहेत.

नॅट बंद केल्यावर फोनचं पॅकेट 192.168.2 चा पत्ता घेऊनच घरच्या राऊटरकडे येतं. आता बाहेर पडताना त्याचं नॅट घरच्या राऊटरने करायचं. पण कंपन्या जे राऊटर देतात, त्यातले काही फक्त स्वतःच्या 192.168.1 च्या पत्त्यांचंच नॅट करतात. दुसऱ्या पत्त्याचं पॅकेट ते तसंच बाहेर ढकलतात किंवा टाकून देतात. दोन्हीत उत्तर परत येत नाही. तुमचा राऊटर त्या जातीचा दिसतोय. ते बदलायची सोय त्याच्या पानावर बहुधा नसेल, शोधत बसू नका.

`Masquerading` ची खूण परत लावा. नॅट चालू असलं की रूट चालत नाही, हे नंदूभाऊंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. अडवतो तो फायरवॉल, नॅट नव्हे. घरून आत आलेल्या संभाषणाची नोंद दुसऱ्या राऊटरकडे असते, त्यामुळे त्याचं उत्तर जाताना तो पत्ता बदलत नाही. नॅट लागतं ते आतून बाहेर सुरू झालेल्या संभाषणाला. बऱ्याच घरगुती राऊटरमध्ये दोन्ही एकाच बटणाला बांधलेले असतात, म्हणून तसा समज होतो. OpenWrt मध्ये ते वेगळे आहेत, त्याचा फायदा घ्या.

वॅनचा फॉरवर्ड पुन्हा `reject` करा आणि `/etc/config/firewall` मध्ये फक्त घराला वाट देणारा हा नियम घाला:

```
config rule
	option name 'ghar-te-packhouse'
	option src 'wan'
	option dest 'lan'
	option src_ip '192.168.1.0/24'
	option proto 'all'
	option target 'ACCEPT'
```

मग `service firewall restart`. इंटरनेट परत येईल आणि पिंगही जात राहील. बाकीच्या दोन गोष्टी संध्याकाळी.

सोनगीर_भो · मंगळवार, दुपारी ३:०५

मन्हा बी असाच प्रॉब्लेम शे भो! शेतातला कॅमेरा मला पुण्याहून फोनवर बघायचाय. रूट टाकला तर पुण्याहून दिसेल का?

तापीकाठ · मंगळवार, दुपारी ३:२०

@सोनगीर_भो नाही, तुमचा प्रश्न वेगळा आहे. स्टॅटिक रूट आपल्या आवारातल्या आवारात काम करतो. पुण्याहून यायचं तर तुमच्या लाइनला बाहेरून पोचता येईल असा पत्ता हवा. घरच्या राऊटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता बघा. तो 100.64 पासून 100.127 पर्यंत कशानेही सुरू होत असेल, तर कंपनीने एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवलेत आणि पोर्ट उघडूनही उपयोग नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

केळीबाग_यावल · मंगळवार, संध्याकाळी ६:५०

इंटरनेट आलं, रेकॉर्डरचा पिंगही चालू राहिला. पोरं खूश.

कंट्रोलरचं मात्र तसंच. `tracert -d 192.168.2.30` हे दाखवतं:

```
  1     1 ms     1 ms     1 ms  192.168.1.1
  2     2 ms     2 ms     2 ms  192.168.1.2
  3     *        *        *     Request timed out.
```

पॅकहाऊसच्या वायफायवरून तोच कंट्रोलर एका टिचकीत उघडतो. यंत्र चांगलं आहे, वायर चांगली आहे. मग घरच्यालाच का नाही म्हणतं?

तापीकाठ · मंगळवार, रात्री ८:१५

दुसऱ्या ओळीपर्यंत सगळं नीट आहे आणि तिसऱ्यात शांतता. आता कोणी नकारही देत नाही. म्हणजे पॅकेट कंट्रोलरपर्यंत पोचतंय, पण त्याला उत्तर परत पाठवता येत नाही असा माझा अंदाज आहे.

कंट्रोलरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये गेटवे काय लिहिलाय ते बघा. बसवणारे पुष्कळदा पत्ता आणि मास्क टाकतात आणि गेटवे कोरा किंवा 0.0.0.0 सोडतात. शेजारच्या 192.168.2 वाल्याशी बोलायला गेटवे लागतच नाही, म्हणून तिथल्या तिथे सगळं चालतं. 192.168.1.10 ला उत्तर द्यायची वेळ आली की ते कोणाच्या हाती द्यायचं हेच यंत्राला ठाऊक नसतं. तिथे 192.168.2.1 टाका.

भालोद_इलेक्ट्रिकल · मंगळवार, रात्री ८:४०

हे शंभर टक्के. मी स्वतः असे कंट्रोलर बसवतो. गेटवे टाकायचं आम्हाला कोणी सांगतच नाही, गिऱ्हाईक तिथल्या तिथे बघून समाधानी असतं. गेटवे बदलून सेव्ह केल्यावर यंत्र एकदा बंद करून चालू करा, काही मॉडेल त्याशिवाय नवीन सेटिंग घेत नाहीत. मात्र माल आत असताना करत असाल तर आधी बघा की सेट पॉइंट रीस्टार्टनंतर टिकतो का. आधीचा आकडा कागदावर लिहून ठेवा.

केळीबाग_यावल · मंगळवार, रात्री ९:३५

कंट्रोलरच्या पट्टीवर बटणं दाबत `GW` पर्यंत गेलो. 0.0.0.0 होतं! 192.168.2.1 केलं. सेट पॉइंट १३.५ होता तो लिहून घेतला, बंद-चालू केलं, आकडा तसाच टिकला. घरी येऊन पिंग केला, गेला!

प्रिंटरला गेटवे आधीपासून होता, म्हणून तो लगेच सापडला होता हे आता कळलं.

पण पान अजून उघडत नाही. रेकॉर्डरचंही नाही, कंट्रोलरचंही नाही. ब्राउझर फिरत राहतो.

जामनेर_नेट · मंगळवार, रात्री ९:५०

ब्राउझरचा कॅशे साफ करा. नाहीतर अँटिव्हायरस बंद करून बघा.

तापीकाठ · मंगळवार, रात्री १०:४०

कॅशेचा संबंध नाही. सगळ्यांना चकवणारी हीच जागा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या कॉम्प्युटरला 192.168.2 ची वाट माहीत नाही, म्हणून तो पॅकेट 192.168.1.1 ला देतो. तो ते 192.168.1.2 ला देतो, तिथून ते आत जातं. परतीला मात्र दुसरा राऊटर बघतो की 192.168.1.10 तर माझ्याच वॅनच्या केबलवर, अगदी शेजारी आहे. मग तो उत्तर थेट तुमच्या कॉम्प्युटरला देतो, घरच्या राऊटरला मधे घेतच नाही. जाताना एक वाट, येताना दुसरी.

पिंगला याचं काही वाटत नाही. एक प्रश्न, एक उत्तर, संपलं. वेबपानाआधी मात्र तीन टप्प्यांची ओळखपाळख होते: तुम्ही हाक मारता, समोरचा ओ देतो, तुम्ही "ऐकलं" म्हणता. घरच्या राऊटरने हाक पाहिली, ओ पाहिलीच नाही, ती थेट आली. मग तुमचं "ऐकलं" त्याच्याकडे आलं की तो म्हणतो, ओ आलेली नसताना हे कुठून आलं? बाजार समितीच्या फाटकावर जशी आवक नोंदलेली नसताना गाडी बाहेर काढायला गेलं की अडवतात, तसं. काही राऊटर हे सोडून देतात, काही अवैध समजून टाकून देतात. तुमचा टाकून देतो. म्हणून पिंग जातो आणि पान फिरत राहतं. ही जोडी दिसली की दोन वाटांचा संशय घ्यायचा.

उपाय असा की कॉम्प्युटरलाच जवळची वाट सांगायची. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि हे द्या:

```
route -p add 192.168.2.0 mask 255.255.255.0 192.168.1.2
```

`-p` विसरू नका, नाहीतर कॉम्प्युटर बंद-चालू केल्यावर रूट पुसला जाईल. नंतर `tracert` केलात तर पहिल्याच ओळीत 192.168.1.2 दिसला पाहिजे, 192.168.1.1 नको.

केळीबाग_यावल · मंगळवार, रात्री ११:१०

उघडलं! दोन्ही उघडलं! या क्षणी घरात बसून वाचतोय, खोली १३.६ अंश.

तापीकाठ दादा, तीन रात्री मी घरच्या राऊटरचा रूट पुसत होतो आणि परत टाकत होतो. चूक तिथे नव्हतीच.

एक राहिलं. वडिलांच्या फोनवरही आकडा दिसायला हवा, मी गावाला गेलो की रात्री तेच बघतात. फोनवर रूट कसा टाकायचा?

तापीकाठ · बुधवार, सकाळी ७:१०

साध्या अँड्रॉइड फोनवर असा रूट टाकायची सोय नाही. दोन वाटा सुचतात.

एक, फोन घरात असूनही पॅकहाऊसचं वायफाय पकडत असेल तर तेच जोडायचं. ७० मीटरवर भिंती ओलांडून ते मिळेल याचा भरवसा नाही.

दोन, फोनसाठी रूट सोडून द्यायचा आणि दुसऱ्या राऊटरवर पोर्ट फॉरवर्ड करायचं. वॅनवर 8080 ला येणारं 192.168.2.30 च्या 80 वर. मग फोनच्या ब्राउझरमध्ये `http://192.168.1.2:8080`. फोनच्या लेखी 192.168.1.2 शेजारीच आहे, त्यामुळे जाणं-येणं दोन्ही थेट होतं आणि घरचा राऊटर वाटेत येतच नाही.

एका आकड्यासाठी हे पुरेल. रेकॉर्डरचं अ‍ॅप मात्र काही मॉडेलांत एकापेक्षा जास्त पोर्ट मागतं, तिथे प्रत्येक पोर्ट वेगळा द्यावा लागेल.

वरणगाव_सुरक्षा · बुधवार, सकाळी ९:००

उशिरा आलो, पण एक बाजू कोणी बोललं नाही. घरून पॅकहाऊसला वाट दिली ते ठीक. पण पॅकहाऊसमधल्या वीस फोनना घराकडे जायची वाट पहिल्यापासून उघडीच आहे! दुसऱ्या राऊटरला घर म्हणजे वॅन, आणि लॅनमधून वॅनकडे सगळं मोकळं असतं. पत्ते वेगळे आहेत म्हणून घर सुरक्षित आहे, असं समजू नका. तिथल्या कोणत्याही फोनवर 192.168.1.1 टाकून बघा, तुमच्या घरच्या राऊटरचं लॉगिन पान येईल.

केळीबाग_यावल · बुधवार, सकाळी ९:२५

आत्ता पोराच्या फोनवर टाकून बघितलं. खरंच आलं. हे मला माहीतच नव्हतं, मी तर वेगळे पत्ते याचसाठी ठेवले होते.

तापीकाठ · बुधवार, सकाळी १०:०५

वरणगावकरांचं बरोबर आहे, हे मी कालच सांगायला हवं होतं. कालच्याच धर्तीचा पण उलटा नियम घाला: `src 'lan'`, `dest 'wan'`, `dest_ip '192.168.1.0/24'`, `proto 'all'`, `target 'REJECT'`. इंटरनेट बंद पडणार नाही, कारण बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर मुक्कामाचा पत्ता बाहेरचाच असतो, घरच्या राऊटरचा नसतो. घरून सुरू झालेल्या संभाषणाची उत्तरंही अडणार नाहीत, ती आधीच्या नोंदीवर जातात. आणि तोवर घरच्या राऊटरचा पासवर्ड कंपनीने दिलेला असेल तर तो आजच बदला.

वरणगाव_सुरक्षा · बुधवार, सकाळी १०:३०

एवढ्याने घर वाचेल, पण कंट्रोलर? तो त्या वीस फोनच्याच नेटवर्कात आहे. कोणी गंमत म्हणून 192.168.2.30 उघडून सेट पॉइंट हलवला तर? मी तर फोनना गेस्ट नेटवर्क म्हणून 192.168.3 देईन.

तापीकाठ · बुधवार, सकाळी १०:५०

OpenWrt मध्ये ते होतं. पण भरतीच्या दिवसांत तिसरं नेटवर्क काढून चालू गाडीचं चाक बदलू नये, असं माझं मत. सध्या कंट्रोलरला पासवर्ड लावता येत असेल तर तेवढं करा.

वरणगाव_सुरक्षा · बुधवार, सकाळी ११:०५

पासवर्डवर मी विसंबणार नाही. स्वस्त कंट्रोलरमध्ये तो चार आकडी असतो. पण माल त्यांचा, निर्णय त्यांचा.

धडगाव_शिक्षक · बुधवार, दुपारी १२:४०

माझ्याकडे दुसरा राऊटर साधा आहे, OpenWrt नाही. त्यात फायरवॉलचे नियम लिहायची जागा नाही, फक्त नॅटचं एक बटण आहे. त्याच्यामागे प्रिंटर आहे. मी काय करू?

तापीकाठ · बुधवार, दुपारी १:१५

नॅट बंद करून बघा. तुमच्या पहिल्या राऊटरने दुसऱ्या पत्त्यांचं नॅट केलं तर इंटरनेट टिकेल आणि प्रिंटरही दिसेल. दुसऱ्या राऊटरमागचं इंटरनेट बंद पडलं, किंवा नॅट बंद असूनही प्रिंटर सापडला नाही, तर तुमच्यासाठी नंदूभाऊंचा पहिला उपाय: लॅन पोर्टात केबल, डीएचसीपी बंद. फक्त त्याआधी दुसऱ्या राऊटरचा स्वतःचा पत्ता 192.168.1.2 करा आणि प्रिंटरलाही 192.168.1 मधला पत्ता द्या.

केळीबाग_यावल · गुरुवार, पहाटे ३:१०

उलटा नियम घातला, पोरांच्या फोनवर आता घरचा राऊटर उघडत नाही आणि इंटरनेट चालू आहे. वडिलांच्या फोनवर 8080 ने कंट्रोलर दिसतो. रेकॉर्डरचं अ‍ॅप फोनवर अजून चालत नाही, पत्ता घेतं पण चित्र काळं. कंट्रोलरला पासवर्ड चार आकडीच निघाला, तो लावलाय. गेस्ट नेटवर्कचं भरती संपल्यावर बघतो, तेव्हा याच धाग्यावर येईन.

आत्ता १३.४ आहे. अंथरुणातूनच बघितलं.